त्रेचाळीस फोटो, त्यात मिसळ एकही नाही

आषाढी एकादशी झाली की लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा बॅगेत जातो, तो तुळशीच्या लग्नापर्यंत. माझी मामेबहीण चार वर्षं लग्नं करते आहे आणि दर चातुर्मासात हातावर हात ठेवून बसते. या वर्षी तिने ठरवलं की हे चार महिने हॉटेलं आणि दुकानं धरायची. नाशिकच्या कॉलेज रोडवरचे दोन कॅफे, गंगापूर रोडवरची काही हॉटेलं, मेन रोडवरचं एक कपड्यांचं दुकान अशा आठ ठिकाणी तिने फोटोंची लिंक पाठवली. सात जणांकडून काहीच आलं नाही. आठव्याने लिहिलं, ‘छान आहेत, कळवतो.’

मी नाशिकात अकरा वर्षं खाण्याचे आणि दुकानातल्या मालाचे फोटो काढतो, म्हणून ती माझ्याकडे आली. ‘दादा, फोटो वाईट आहेत का?’ फोटो वाईट नव्हते. त्रेचाळीस होते. मेंदीचे हात, धूर निघणारं मॉकटेल, तीनमजली केक, एका रिसॉर्टमधला पास्ता, पाण्याचे थेंब बसलेली काळी द्राक्षं. द्राक्षांचा तर फारच देखणा, आणि सगळ्यात जास्त कौतुकही त्याचंच झालेलं. पण तिच्या यादीत पुढचं नाव होतं ते मखमलाबादच्या बाजूला शेतात मिसळ विकणाऱ्या दोन भावांचं. थोरल्या भावाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तिनेच काढले होते. त्यांची पाथर्डी फाट्याकडे दुसरी शाखा निघणार होती आणि त्यांना फोटो हवे आहेत हे तिला कळलं होतं. मिसळवाल्याला दाखवायच्या त्रेचाळीस फोटोंत मिसळ एकही नव्हती.

पाच फोटो निवडायचे असं आमचं ठरलं. पाचच का, तर गल्ल्यावर बसलेला माणूस त्याहून जास्त बघत नाही. सहाव्या फोटोपर्यंत कुणीतरी बिल द्यायला उभं राहिलेलं असतं.

आधी जेवून ये

मी तिचं फोल्डर बंद केलं आणि तिला रविवारी सकाळी तिथे मिसळ खायला पाठवलं. कॅमेरा न घेता. परत आली ती वहीत पान भरून. बसायच्या जागेवर हिरवी शेडनेट आहे. ताटं स्टीलची, खणांची. मेनूत बावीस पदार्थ. भिंतीवरच्या फ्लेक्सवर जे फोटो आहेत ते इंटरनेटवरून उचललेले. पांढऱ्या चिनीमातीच्या बाउलमध्ये कुणाची तरी मिसळ, शेजारच्या कांदाभजीला काळी पार्श्वभूमी, ताकाला समुद्रकिनारा. रविवारी बारा वाजेपर्यंत दोघा भावांना मान वर करायला वेळ नसतो. मधल्या वारी तीन ते पाच शांतता.

त्या पानातूनच मालकाच्या डोक्यातले प्रश्न निघाले. माझं ताट माझ्यासारखं दिसेल का? बावीस पदार्थ एकाच घरचे वाटतील का? माझ्या या हिरव्या मांडवात फोटो बरे येतील का? तू माझं काम अडवशील का? आणि हे फोटो मी लावू कुठे? पाच प्रश्न, पाच फोटो. आपले सर्वांत चांगले पाच निवडायला बसलं की निवड चुकते ती इथेच. द्राक्षांचा फोटो यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

रिसॉर्टचा पास्ता मात्र वेगळ्या कारणाने गेला. त्या कामाचे तिने पैसे घेतले होते आणि लेखी काहीच नव्हतं. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. फोटो आपण काढला म्हणून आपला, अशी बहुतेकांची समजूत असते. पैसे घेतलेल्या कामात ती चालत नाही. रिसॉर्टवाल्याला विचारून वापरता आला असता. पण मिसळीच्या मालकाला पास्ता दाखवण्यासाठी तेवढा फोनही करावासा वाटला नाही.

पहिला फोटो: मिसळ

हा नव्यानेच काढावा लागणार होता. गिऱ्हाइकाने काम दिलेलं नसताना आपणहून काढलेला नमुना. त्यात काही गैर नाही, फक्त तो अमक्या हॉटेलचं काम म्हणून खपवायचा नाही.

तिने पार्सल आणलं, घरच्या स्टीलच्या ताटात मांडलं, आणि पहिल्या दिवशीचे सगळे फोटो फुकट गेले. फरसाण घातल्यावर ती फोकस आणि उजेड जुळवत बसली, तेवढ्यात फरसाण रस्सा पिऊन मऊ पडलं. दोन-तीन मिनिटांत त्याच्या कडा गोल होतात आणि फोटोत ते लगद्यासारखं दिसतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम येऊन पावावर सुरकुत्या पडल्या होत्या. वाटीच्या कडेत तिचा निळा कुर्ता स्पष्ट दिसत होता, नीट पाहिलं तर कॅमेरा धरलेले हातसुद्धा.

दुसऱ्या खेपेला बदली ताट ठेवलं. म्हणजे तसंच दुसरं ताट, त्यात कालची उसळ आणि उरलेलं फरसाण. उजेड, कोन, फोकस सगळं त्याच्यावर जुळवायचं आणि सगळं पक्कं झाल्यावर ते उचलून खरं ताट तिथेच ठेवायचं. कांदा बारीक चिरून थंड पाण्यात, आयत्या वेळी फडक्यावर निथळलेला. तर्री वेगळ्या पळीत गरम. शेवटी फरसाण, त्यावर कांदा, कडेने तर्री आणि लगेच क्लिक. मांडल्यापासून चार मिनिटांत फोटो झाला. हा आकडा तिला लिहून ठेवायला लावला, पुढे तो कामाला आला.

स्टीलचं प्रतिबिंब घालवता येत नाही, ते कशाचं असावं एवढं आपल्या हातात असतं. एका बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली की ताटाच्या कडेला मऊ पांढरा पट्टा येतो. दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर ठेवला की कड ठळक होते. फोटो काढणाऱ्याने काळे कपडे घालायचे. खिडकी कुठे हवी हे मी घड्याळाच्या तबकडीवर सांगतो: ताट मधोमध, कॅमेरा सहावर, तर खिडकी दहावर. तिथून येणारा उजेड तर्रीवर तिरका सरकतो आणि तेलाचे थेंब वेगवेगळे दिसतात. बरोबर वरून फोटो घेतला तर रस्सा आरसा होतो आणि त्यात छत दिसतं. मिसळीसाठी कॅमेरा टेबलापासून चाळीसेक अंशांवर असला तर वाटीतलंही दिसतं आणि फरसाणाची उंचीही.

तिसरी खेप लाल रंगामुळे करावी लागली. कॅमेऱ्यावर फोटो ठीक दिसत होता, हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा एकूण आलेखही ठीक. पण लाल रंगाचा आलेख वेगळा उघडला तर तो उजव्या भिंतीला चिकटलेला. असं झालं की तर्रीतले बारीक फरक नाहीसे होतात आणि ऑइलपेंट ओतल्यासारखा सपाट लाल दिसतो. ओळखायची साधी खूण म्हणजे फोटो मोठा करून तेलाचे थेंब मोजायचे. मोजता येत नसतील तर लाल फुटला. उजेड पाऊण स्टॉपने कमी ठेवून पुन्हा घेतला, नंतर पाव आणि दही तेवढं संपादनात उजळलं आणि लालची तीव्रता थोडी खाली आणली. पुष्कळ मोबाइलचे पडदे रंग आधीच भडक करून दाखवतात, त्यामुळे लालला जरा कमीच ठेवलेलं बरं.

दुसरा: चार खण

मेनूत बावीस पदार्थ असताना एका मिसळीचा फोटो पुरत नाही. बाविसावा पदार्थ पहिल्यासारखाच दिसेल याची खात्री हवी असते. म्हणून एकाच चित्रात चार खण केले: साबुदाणा वडा, कांदाभजी, थालीपीठ, ताक. तिला आधी सहा हवे होते. सहा करून मोबाइलवर बघितले तर वडा कुठला आणि भजी कुठली ते डोळे बारीक करून शोधावं लागत होतं. ‘हे पाचात मोजायचं की आठात?’ असंही तिने विचारलं. मी एकच मोजतो, कारण त्यातून सांगायची गोष्ट एकच आहे.

यात कसब पदार्थाचं कमी आणि टेबलाचं जास्त. ट्रायपॉडच्या पायांच्या आणि ताटलीच्या जागा टेपने आखायच्या, आणि एक्स्पोजर म्हणजे उजेडाचं प्रमाण व व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगांची जुळवणी, दोन्ही हाताने पक्के करायचे. कॅमेरा स्वतःवर सोडला तर पांढरं ताक बघून तो चित्र काळवंडतो आणि गडद भजी बघून उजळतो. चारही खणांतल्या लाकडी टेबलाची पट्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की चोरी पकडली जाते. तिची पहिल्यांदा पकडली गेलीच, ताकाच्या खणातलं टेबल जवळजवळ चॉकलेटी झालं होतं.

तिसरा आणि चौथा: हार्डडिस्कमधून

जागेचा आणि स्वयंपाकघराचा फोटो कुठून आणायचा यावर आम्ही अडलो होतो. त्यांच्याच शेतात जाऊन न विचारता फोटो काढणं मला पटत नव्हतं. मग मी तिला लग्नांची हार्डडिस्क लावायला सांगितली. त्या त्रेचाळीसमध्ये तिने फक्त नवरा-नवरी आणि सजावट घेतली होती. जेवणाच्या मंडपातले, आचाऱ्याकडचे शेकडो फोटो तिच्या लेखी भरतीचे होते. मिसळवाल्याच्या दृष्टीने खरा माल तिथेच पडलेला.

तिसरा फोटो एका पंगतीचा घेतला. पिवळ्या-गुलाबी कापडाचा मंडप, दुपारचं ऊन कापडातून गाळून आलेलं, पानं मांडलेली, वाढणाऱ्याच्या हातात पळी. कापडातून येणारा उजेड कापडाचा रंग घेऊन येतो. भात पिवळा होतो, चेहरे गुलाबी. शेडनेटखाली तेच हिरव्या रंगात होतं, फक्त जास्त वाईट, कारण हिरवी झाक पडलेलं दही कुणी तोंडात घालणार नाही. तिने त्या दिवशी करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतला होता, म्हणून भात पांढरा आला होता. याला मर्यादा आहे. सगळीकडून सारखाच रंगीत उजेड येत असेल तर तो दुरुस्त होतो. एका बाजूने नेटमधून हिरवा आणि दुसऱ्या बाजूने मोकळ्या आकाशातून निळसर असा दुहेरी येत असेल तर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. तेव्हा कॅमेऱ्याशी झटापट करण्यात अर्थ नाही, ताट हलवायचं.

पंगतीच्या फोटोलाही १७वं कलम लागूच होतं. तिने त्या कुटुंबाला फोन करून विचारलं आणि होकार व्हॉट्सॲपवर लिहून घेतला. शिवाय पाहुण्यांचे चेहरे ठळक नाहीत, पाठी आणि हात दिसतात, असाच फोटो निवडला.

चौथा आचाऱ्याचा. भली मोठी कढई, मागून येणारी वाफ, झाऱ्यावरून पडणारं तेल. त्या खोलीत स्वस्तातल्या एलईडी पट्ट्या होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/५०० ठेवलं की फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. तिच्या डिस्कवर त्याच कढईचे असे पट्टेवाले अकरा फोटो होते. नंतर कधीतरी तिने शटर १/१०० केलं आणि पट्टे गेले. १/१००ला पडणारं तेल जरा लांबट, पुसट येतं. हलणाऱ्या तेलाला ते शोभतं.

पाचवा: फोटो जागेवर लावून

पाचव्यात नवा पदार्थ नाही. पहिलीच मिसळ, पण मेनूबोर्डावर. तिने भिंतीवरच्या फ्लेक्सच्या मापाचं एक चित्र तयार केलं, डाव्या अर्ध्यात मिसळ, उजव्या अर्ध्यात पदार्थांची नावं आणि किमती, आणि खाली त्याच फोटोचे दोन छोटे तुकडे: एक चौकोनी, घरपोच मागवायच्या ॲपसाठी, एक उभा, इन्स्टाग्रामसाठी. कोपऱ्यात ‘नमुना’ असं स्वच्छ लिहिलं. कुठल्या ॲपचं चिन्ह वापरलं नाही आणि दुकानाचं नाव टाकायच्या जागी रिकामी चौकट ठेवली.

हे करायला बसल्यावर एक त्रुटी कळली. मिसळीचा फोटो इतका जवळून घेतला होता की बोर्डावर अक्षरांना जागाच उरत नव्हती, आणि चौकोनी तुकड्यात पाव अर्धा कापला जात होता. म्हणून चौथी खेप. या वेळी ताटाभोवती भरपूर टेबल सोडून, आडवा. मोठ्या फोटोतून लहान कापता येतो, उलटं जमत नाही. लग्नात ही अडचण येत नाही, कारण अल्बमात फोटोवर किमती लिहायच्या नसतात.

पाठवायचं कसं

आधीच्या आठांपैकी दोघांना मी ओळखतो, म्हणून विचारलं. एकाने सांगितलं की लिंक दाबल्यावर परवानगी मागा असं आलं, म्हणून सोडून दिलं. तिने ड्राइव्हचं फोल्डर सगळ्यांसाठी खुलंच केलं नव्हतं! आठ जणांना पाठवून तिला हे कळलं नव्हतं, कारण तिच्या स्वतःच्या मोबाइलवर ते नेहमी उघडायचं. लिंक पाठवायची असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडून बघावी. मी माझ्या आईच्या फोनवर बघतो.

आमचा मालक व्हॉट्सॲपचा माणूस. तिथे एकदम पाठवलेल्या फोटोंचा गठ्ठा होतो: चार खिडक्या, आणि चौथीवर उरलेल्यांचा आकडा. खिडक्या जवळजवळ चौकोनी, म्हणजे फोटोचा मधला भाग तेवढा दिसणार. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आणि प्रत्येक फोटोची गोष्ट मध्यभागी असणंही. पंगतीच्या फोटोत वाढणारा उजव्या टोकाला होता, गठ्ठ्यात त्याची नुसती कोपरं दिसत होती. तो थोडा कापून आत घेतला. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, म्हणून जसेच्या तसे हवे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे लागतात. पण पहिल्या भेटीला डॉक्युमेंट पाठवू नका. कोऱ्या फाइलच्या चिन्हावर कुणी बोट ठेवत नाही. लांब बाजू २००० पिक्सेलची आणि रंग सगळ्या मोबाइलला समजणाऱ्या `sRGB` मध्ये ठेवून साधे फोटो पाठवले. तिचा कॅमेरा Adobe RGB या दुसऱ्या रंगपद्धतीवर लावलेला होता, आणि तशाच बाहेर काढलेल्या मिसळीची तर्री काही मोबाइलवर फिकट, आजारी दिसत होती.

तरी मी म्हटलं, आधी काही पाठवू नकोस. बुधवारी साडेतीनला जा आणि हातात दे. आठ बाय बाराच्या पाच प्रिंट केल्या, मॅट कागदावर, कारण चकचकीत कागदावर वरची ट्यूबलाइट दिसते. प्रत्येकीच्या मागे दोन ओळी. मिसळीच्या मागे: ‘घरी, खिडकीच्या उजेडात. ताट मांडल्यापासून फोटो होईपर्यंत ४ मिनिटं.’ पंगतीच्या मागे: ‘रंगीत मंडप, भर दुपार. जेवण न थांबवता.’ त्या भेटीला मीही गेलो, मिसळ खायच्या निमित्ताने, आणि दुसऱ्या टेबलावर बसलो.

बुधवार

थोरल्या भावाने हात पुसले, पहिली प्रिंट घेतली आणि पाहताक्षणी म्हणाला, ‘ताई, ही शेव आमची नाही.’

‘नाही काका, हा नुसता नमुना. पार्सल आणून घरी काढला.’

‘शेव बारीक आहे. आमची जाड. आणि आमचा रस्सा काळा असतो, एवढा लाल नाही. ही मिसळ कुठली ते सांगू का?’ आणि त्याने बरोबर सांगितलं.

मी मान खाली घालून पाव मोडत बसलो. चार खेपा करून आम्ही उजेड सुधारला, स्टील सुधारलं, लाल सुधारला, आणि मिसळ मात्र धंद्यातल्या दुसऱ्याची घेऊन आलो होतो. नाशिकात प्रत्येक मिसळवाल्याचा मसाला वेगळा, आणि फोटोतल्या शेवेवरून घर ओळखणारी ही माणसं. पार्सल त्यांच्याकडूनच आणायला हवं होतं. ती रविवारी तिथे जेवून आली होती, तेव्हाच आणता आलं असतं. चूक माझी, मी ते सांगितलंच नाही.

वाचवलं चौथ्या फोटोने. पंगतीवरून तो भरभर पुढे गेला, पण कढईशी थांबला. ‘हा कुठला आचारी?’ मग वाफेबद्दल, कढई किती लिटरची असेल याबद्दल बोलणं. त्याची पहाट कढईपाशीच उजाडते, आणि त्या बाजूचा फोटो त्याला कुणी दाखवलाच नव्हता. धाकट्याला त्यात काही रस नव्हता, त्याने पाचवी प्रिंट उचलून सरळ भिंतीवरच्या फ्लेक्सवर धरली आणि लांब जाऊन बघितली. चार खणांवर दोघंही काही बोलले नाहीत. पुढे कामाचं बोलताना मात्र थोरला म्हणाला, ‘सगळे असे एकसारखे पाहिजेत.’

‘किती वेळ लागतो एकाला?’ तिने पहिली प्रिंट उलटी केली. चार मिनिटं वाचून त्याने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मग आमची काढून दाखव.’

फुकट काढून दाखवावं का, यावर आमच्या धंद्यात भांडणं आहेत. माझं मत असं की एक ताट, तिथल्या तिथे, हो. ‘आधी पाच-सहा काढा, आवडले तर बघू’ याला नाही. कॅमेरा तिच्या बॅगेत होता. पहिला फोटो शेडनेटखाली घेतला आणि दही पोपटी आलं. तिने तो मालकाला न दाखवता ताट उचललं, उत्तरेच्या ओसरीवर नेलं, प्रिंट आणलेल्या पाकिटाचा पांढरा पुठ्ठा एका बाजूला उभा केला आणि वेटरच्या काळ्या ट्रेने दुसरी बाजू झाकली. ताट बदलून घेतलं, कारण फरसाण एव्हाना बसलं होतं. काळा रस्सा लालपेक्षा अवघड निघाला. त्यात तेलाची चमक नसली तर नुसता काळा खड्डा दिसतो; दहावरची खिडकी अकरावर सरकवावी तसं तिने ताट फिरवलं, तेव्हा कुठे कडेने तांबूस रेघ उमटली.

काम मिळालं ते अर्ध्या दिवसाचं, चौदा पदार्थांचं, नऊ हजार रुपयांत. दुसऱ्या शाखेचं अजून नाही. ते धाकट्याच्या हातात आहे आणि त्याच्या एका मित्राचा ड्रोन आहे. कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या: फोटो बोर्ड, ॲप आणि सोशल मीडियावर वापरता येतील, ती आपल्या नमुन्यांत दाखवू शकते, उरलेले आठ पदार्थ नंतर त्याच दराने. पहिल्या फोटोच्या जागी आता ओसरीवरचा काळा रस्सा आहे.

भांडी बाजारात तेच पाच

यशाने ती जरा हवेत होती. पुढच्या आठवड्यात तेच पाच घेऊन ती भांडी बाजारातल्या एका तांब्या-पितळेच्या दुकानात गेली. दुकानदाराने मिसळ, पंगत, कढई बाजूला सारली, चार खणांकडे थोडं जास्त पाहिलं आणि समोरचा पितळी तांब्या तिच्यापुढे ठेवला. ‘ताई, यात तुम्ही दिसता. फोटोत दिसाल का?’

त्याचा प्रश्न तो एकच होता आणि पाचातल्या एकाही फोटोत त्याचं उत्तर नव्हतं. स्टीलचं ताट सपाट, तिथे दोन पुठ्ठ्यांनी भागतं. तांब्याचं पोट गोल, त्यात अख्खी खोली उतरते. रस्स्यावरची चकाकी पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येते, तो तिच्याकडे आहेही. पण धातूवरच्या प्रतिबिंबावर त्याची मात्रा जवळजवळ चालत नाही. तिथे भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबूच करावा लागतो, लेन्सपुरतं भोक ठेवून. बरं, नुसतं पांढरं ठेवलं तर पितळ खडूसारखं फिकं, पोटाला गोलाई नसलेलं दिसतं, म्हणून तंबूच्या आत काळ्या कागदाची एक उभी पट्टी लावायची, तिची रेघ पोटावर वळते आणि भांडं गोल वाटतं.

दुकानांसाठीचा वेगळा संच तिने सुरू केला आहे. जुन्यातले चार खण तेवढे राहतील, त्यात पदार्थांऐवजी वाट्या, समई, गडू आणि ताम्हण. या वेळी भांडी त्याच दुकानातून विकत आणली आहेत, ताम्हण मामींनी देवघरात ठेवून घेतलं आणि फोटोसाठी मागावं लागतं. परवा तिने तंबूतल्या गडूचा फोटो पाठवला. कुर्ता नाही, खिडकी नाही, रेघ छान वळलेली. वरून कापड अपुरं पडलं होतं. मी मोठा करून पाहिला आणि तिला लिहिलं, पंख्याची तीन पाती मोजता येतात.